ग्रंथालयातील मॅडमना, तारखेच्या एका चिठ्ठीबद्दल

आदरणीय मॅडम,
सविनय नमस्कार.

माझ्या एम. ए.च्या लघुप्रबंधातला मजकूर आधीच्या लेखनाशी किती जुळतो हे सांगणारा सॉफ्टवेअरचा जुळणी-अहवाल आला त्या दुपारी ग्रंथालयाच्या टेबलाभोवती सात-आठ मुले उभी होती. अहवालाच्या पहिल्याच पानावर माझे नाव होते आणि त्याखाली ३४ टक्के हा आकडा होता. आपण काही न बोलता पुस्तकात लावायची तारखेची चिठ्ठी उचलून माझ्या नावावर ठेवली आणि मला आत बोलावले. पुढचे सगळे मी कदाचित विसरेन, ती चिठ्ठी विसरणार नाही.

कारण तोवर मला वेगळेच अनुभव आले होते. ज्यांना मी आधी विचारले होते, त्यांनी मान वर न करता सांगितले होते, "स्वतःचेच आहे ना, मग चोरी कसली? थोडे शब्द बदल." कॉलेजबाहेरच्या टायपिंगवाल्याने तर पानामागे दर लावून टक्केवारी खाली आणून देण्याची तयारी दाखवली. नमुना म्हणून त्याने बदललेल्या परिच्छेदात 'पूररेषे'ची 'महापुराची ओळ' झाली होती.

झाले होते ते असे. सांगलीच्या पूरग्रस्त वस्त्यांवर मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, ४२ घरांत फिरून प्रकल्प केला होता. २०२३ मध्ये लघुप्रबंध लिहिताना वस्तीची ओळख, सर्वेक्षणाचे वर्णन आणि निष्कर्षांचा काही भाग मी त्यातून जसाच्या तसा उचलला आणि उल्लेख कुठेही केला नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० ते ४० टक्के जुळणी पहिल्या स्तरात मोडते आणि सहा महिन्यांच्या आत सुधारून देण्याची मुभा मिळते, हे आपण एका वाक्यात सांगून बाजूला ठेवले. २०२० च्या सूचनेत आपलेच लेखन उल्लेखाशिवाय पुन्हा वापरणे अमान्य ठरवले आहे, पण ते आधी प्रसिद्ध झालेल्या लेखनाबद्दल आहे, तुझा प्रकल्प तर प्रसिद्ध झालेलाच नाही, हेही आपणच सांगितले. मला क्षणभर सुटल्यासारखे वाटले. मग आपण पेन्सिलीने एका वाक्याखाली रेघ ओढली. "या वस्तीत शेवटचे पाणी २०१९ साली आले."

"अगं, २०२१ च्या जुलैत तुझ्या गावभागातल्या घरात पाणी नव्हते का?"

होते. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि त्या जुलैत कृष्णा ५० फुटांच्याही वर गेली होती. घरातल्या गाद्या आम्ही माळ्यावर चढवल्या होत्या. तरीही २०२३ मध्ये माझ्याच सहीने मी लिहिले होते की शेवटचा पूर २०१९ चा. लिहिले तेव्हा ते वाक्य खरे होते. उचलून नव्या कामात ठेवल्याबरोबर ते खोटे झाले, आणि सॉफ्टवेअरला ते कळण्याचा मार्गच नव्हता, कारण ते फक्त मजकुराशी मजकूर जुळवते.

दुसरी गोष्ट तर अहवालात दिसतही नव्हती. नुकसानीचा तक्ता मी चित्र म्हणून चिकटवला होता, त्यामुळे तो जुळणीतून निसटला. आपण तो दाखवून विचारले, "हे दोन्ही वाचणारा माणूस किती घरे मोजेल?" ८४. जुन्याच ४२ घरांना मी नव्या सर्वेक्षणाचे रूप दिले होते. शब्द माझेच होते हे खरे. पण हे काम आत्ता, नव्याने केले आहे हा वाचणाऱ्याचा समज मी फसवणुकीने मिळवला होता. टायपिंगवाल्याने टक्केवारी शून्यावर आणली असती तरी ही ४२ घरे ८४ च राहिली असती.

आपण फाडून टाकायला सांगितले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. वस्तीचे वर्णन ठेवले, मात्र ते माझ्या २०२१ च्या प्रकल्पातून घेतल्याचे पहिल्याच तळटीपेत लिहिले. जुना तक्ता तारखेसह डाव्या रकान्यात गेला आणि उजवा रकाना भरण्यासाठी मी पुन्हा त्याच घरांत गेले. ४२ पैकी ३१ घरे भेटली. उरलेल्यांतली काही कुलूपबंद होती, काही माणसे वस्ती सोडून गेली होती, आणि ही माहिती आधीच्या मसुद्यात येणे शक्यच नव्हते.

सूर्यवंशी प्लॉटमधल्या एका मावशींनी मला ओळखले. "मागच्या खेपेला सांगितलं की सगळं," असे म्हणत त्यांनी दारामागची भिंत दाखवली. तिथे कोळशाच्या दोन रेघा होत्या, वरची २०१९ ची आणि तिच्याखाली २०२१ ची. खालच्या रेघेची उंची मी टेपने मोजली आणि तारीख टाकून उजव्या रकान्यात लिहिली.

आपली,
एक विद्यार्थिनी, सांगली