माझ्या दोन नावांची गोष्ट

अमळनेर

चि. महेश यास,
अनेक आशीर्वाद.

पासपोर्ट परवा टपालाने हाती आला. जर्मनीच्या व्हिसाचे कागद जमवताना एक अडचण निघाली आणि तिचा संबंध तुझ्याशी आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पासपोर्टसाठी फारसे अडले नाही. आधार, पॅन आणि मतदार ओळखपत्र या तिन्हींवर माझे नाव सुनंदा आहे आणि जन्मतारीख १ जून १९५५ आहे. (आई सांगायची की मी पोळ्याच्या आसपास जन्मले, पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जून लिहिले, तीच तारीख आता माझी झाली.) मी निश्चिंत होते. मग व्हिसासाठी तू माझा मुलगा असल्याचा पुरावा लागेल असे कळले, म्हणून मी पत्र्याच्या पेटीतून तुझा जन्मदाखला काढला. त्यावर आईचे नाव यमुना असे आहे.

तू पहिलटकरणीचा मुलगा, त्यामुळे १९७९ साली माझे बाळंतपण चोपडा तालुक्यात माहेरी झाले. ग्रामपंचायतीत नोंद करायला तुझे आजोबा गेले आणि ग्रामसेवकाने आईचे नाव विचारल्यावर त्यांनी लेकीचे नाव सांगितले. लग्नात तुझ्या वडिलांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने सुनंदा लिहिले होते; पण आजोबांच्या तोंडी ते नाव कधी बसलेच नाही. तुझा पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून निघाला आणि शाळेत तर मीच तुला घातले होते, त्यामुळे ही तफावत इतकी वर्षे कोणाच्या लक्षात आली नाही.

मी गावी जाऊन आले. ग्रामसेवकांनी जुने रजिस्टर काढून दाखवले. कापडी पुठ्ठ्याचे, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण तुझी ओळ शाबूत आहे. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात आजोबांची सही आहे, शेवटचे अक्षर रेघेखाली उतरलेले, ते नेहमी करत तशी. मी बराच वेळ त्या सहीवर बोट ठेवून उभी होते.

दाखल्यातच नाव दुरुस्त करून घ्यावे असे शेजारच्यांनी सुचवले. मला ते पटले नाही. तुझ्या मुलांची जन्मनोंदणी तिकडे झाली तेव्हा तू हाच दाखला दिला होतास. आता इथे नवा दाखला निघाला तर जर्मनीतील कागद एक सांगतील आणि इथला कागद दुसरेच. म्हणून दाखला आहे तसा राहू द्यायचा आणि यमुना व सुनंदा ही एकच बाई आहे हे सांगणारा तिसरा कागद करायचा, असे मी ठरवले. तो कागद म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नावबदलाची नोंद. त्यासाठी माझा शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज केला आहे. जुन्या नावाच्या रकान्यात वडिलांचे नाव व माहेरचे आडनाव आणि नव्या नावाच्या रकान्यात पासपोर्टवरचे नाव अक्षरशः जसेच्या तसे लिहिले. एक वेलांटी इकडची तिकडे झाली तरी तो कागद निरुपयोगी ठरेल, म्हणून भरलेला अर्ज केंद्रातील मुलाकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतला.

आता तुझे काम. तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात माझ्या खर्चाचे जे हमीपत्र तू करणार आहेस, ते माझ्या पासपोर्टची प्रत समोर ठेवूनच कर, कारण त्यात माझे नाव, जन्मतारीख आणि पासपोर्टचा क्रमांक येतो. शिवाय घाई करू नकोस. अर्ज देताना ते सहा महिन्यांपेक्षा जुने चालत नाही आणि राजपत्र माझ्या हाती येईपर्यंत मला अर्ज करता येणार नाही. हमीपत्र मूळ प्रतीतच लागते, तेव्हा मोबाइलवर फोटो पाठवून भागणार नाही. नोंदणीकृत टपालाने पाठव. प्रवासाचा आरोग्य विमा किमान ३०,००० युरोचा हवा, तो मी इथूनच काढते. तिकीट मात्र व्हिसा हाती आल्याखेरीज पैसे भरून काढू नकोस.

माझ्या बोटांची थोडी काळजी वाटते. मुंबईला व्हिसा केंद्रात दहाही बोटांचे ठसे घेतात, आणि कापूस वेचून माझ्या अंगठ्यांच्या रेषा पुसट झाल्या आहेत. आधारच्या वेळी यंत्राने चौथ्या खेपेला ठसा घेतला होता. मुंबईला जायच्या आधी पंधरा दिवस भांडी घासणार नाही आणि रात्री बोटांना खोबरेल लावीन, असे मी तुझ्या वडिलांना सांगून ठेवले आहे.

व्हिसाच्या अर्जात जन्माच्या वेळचे आडनाव विचारतात. तिथे मी माहेरचे आडनाव लिहीन. तुझ्याकडच्या जन्मदाखल्याच्या जर्मन भाषांतरात माझे यमुना हे नाव इंग्रजी अक्षरांत कसे लिहिले आहे, ते पाहून लगेच कळव. राजपत्राच्या भाषांतरातही तीच अक्षरे यायला हवीत.

तुझी आई