काकूंचा राजारामपुरीतला गाळा

कोल्हापूर,
रविवार

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. बऱ्याच महिन्यांत तुला पत्र नाही, याची मला खंत आहे. प्रकृती ठीक आहे, गुडघा अधूनमधून बोलतो इतकेच. पण आज लिहायला बसलो त्याचे कारण काकूंचा राजारामपुरीतला गाळा आहे, आणि त्या गाळ्याचा भाडेकरार तुझ्या अण्णांनी लिहिलेला असल्यामुळे ही चिंता तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही.

काकूंनी गाळा विकायचे ठरवले आहे. एजंटाने पन्नास लाखांचे गिऱ्हाईक आणले असून तो विसार घेऊनच दारात उभा आहे. त्याचा हिशेब तोंडी पाठ आहे. महिना तीस हजार म्हणजे वर्षाला ३,६०,००० रुपये भाडे. त्यातून मालकाने भरायचा घरफाळा, दुरुस्ती, विमा आणि इतर किरकोळ खर्च मिळून साठ हजार वजा केले की निव्वळ ३,००,००० उरतात. अशा गाळ्यांवर गिऱ्हाईक सहा टक्के परतावा धरते, म्हणून तीन लाखांना सहा टक्क्यांनी भागायचे, की आले पन्नास लाख. निव्वळ भाडे घेतले, ढोबळ घेतले नाही, इथपर्यंत त्याचे काम चोख आहे. सहा टक्के हा आकडाही मनाचा नाही. आसपास भाडेकरूसकट विकल्या गेलेल्या गाळ्यांचे निव्वळ भाडे आणि मिळालेली किंमत यांचा भागाकार मी स्वतः करून पाहिला, आणि तो सहाच्या जवळपासच येतो.

घोटाळा पुढे आहे. तीन लाखांना सहा टक्क्यांनी भागणे म्हणजे हेच तीन लाख कायमचे मिळत राहणार असे गृहीत धरणे. कराराला आता नऊ वर्षे उरली आहेत, भाडेवाढीचे कलम त्यात नाही, आणि शेजारचे तेवढेच गाळे आज महिना पंचेचाळीस हजारांना जातात. म्हणजे तोच खर्च वजा जाता बाजारभावाने निव्वळ ४,८०,००० मिळायला हवेत. गाळा उद्या रिकामा झाला तर याच सहा टक्क्यांनी त्याची किंमत ऐंशी लाख होते. भाडेकरू बसलेला असल्यामुळे मालकाचे वर्षाला १,८०,००० बुडतात, पण ते नऊच वर्षे. नऊ वर्षे दरसाल मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत सहा टक्क्यांनी सुमारे ६.८० रुपये होते. म्हणून बुडणाऱ्या भाड्याची आजची किंमत सव्वाबारा लाख, आणि गाळ्याची किंमत सुमारे पावणेअडुसष्ट लाख. काकू पन्नासावर सही करणार असतील तर जवळजवळ अठरा लाख त्या गिऱ्हाइकाच्या पदरात घालून उठतील.

रंकाळ्यावर आपला झालेला वाद तुला आठवतच असेल. करार जितका लांब तितका गाळा महाग, हे तुझे म्हणणे तू मिसळीचा दुसरा कट येईपर्यंत सोडले नव्हतेस. भाडे बाजारापेक्षा कमी असेल तेव्हा गोष्ट नेमकी उलटी होते, हे या गाळ्यात स्वच्छ दिसते. दोनच वर्षे उरली असती तर किंमत पावणेसत्याहत्तर लाखांच्या आसपास गेली असती, आणि अठरा उरली असती तर साडेसाठ लाखांवर आली असती. तुझे म्हणणे खरे ठरते ते भाडे बाजारापेक्षा जास्त असेल तेव्हा. पण तिथेही मी कराराची मुदत मोजणार नाही, ‘लॉक-इन’ मोजीन. कारण बहुतेक करारांत मालक पूर्ण मुदत बांधलेला असतो आणि भाडेकरू लॉक-इन संपताच नोटीस देऊन निघून जाऊ शकतो; ज्याला महाग पडते तोच आधी निघतो. आपल्या गाळ्यातला भाडेकरू मात्र स्वस्तात बसला आहे. तो स्वतःहून उठेल असे धरून कोणी भाव लावू नये.

आणखी एक गोष्ट मी आधीच पाहून घेतली. मुदत संपल्यावर ताबा मिळणारच नसेल तर ऐंशी लाखांचा आकडा कागदावरच राहतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचे संरक्षण असलेला जुना दुकानदार असता, तर नुसता करार संपला म्हणून त्याला उठवता आले नसते, भाडेही मुख्यतः वर्षाला चार टक्क्यांनीच वाढवता आले असते, आणि मग एजंटाचा हिशेब फारसा चुकीचा ठरला नसता. पण इथे भाडेकरू मर्यादित कंपनी आहे, तिचे भरणा झालेले भागभांडवल एक कोटीच्या पुष्कळ वर आहे, आणि अशा कंपनीला तो कायदा लागूच होत नाही. जमीनही काकांच्या मालकीची, भाडेपट्ट्याची नव्हे. त्यामुळे त्या बाजूनेही काही संपायचे नाही.

आता माझी खरी चिंता. काल काकूंनी ट्रंकेतून करार काढला. हिरव्या लेजर पेपरवर अण्णांची ती घोटीव भाषा, प्रत्येक पानामागे दुय्यम निबंधकाचा शिक्का, आणि शेवटून दुसऱ्या पानावर एक कलम: मुदत संपण्यापूर्वी सहा महिने भाडेकरूने लेखी मागणी केल्यास करार आणखी नऊ वर्षांसाठी पूर्वीच्याच शर्तींवर नवा करून द्यावा. भाडे किती, याचा त्या कलमात उल्लेख नाही. भाडेही तेच असा अर्थ घेतला तर उरलेली मुदत नऊ नव्हे, अठरा धरावी लागेल, कारण इतक्या स्वस्त गाळ्यासाठी कोणती कंपनी मागणी करायची विसरेल? मग किंमत साडेसाठ लाख. नवे भाडे बाजाराप्रमाणे ठरायचे असेल तर पावणेअडुसष्ट. एका कलमात सव्वासात लाख अडकले आहेत, आणि गिऱ्हाइकाच्या वकिलाने ते पान वाचले की तो अर्थातच पहिला अर्थ घेणार.

माझ्या आकड्यांवरही फार विसंबू नकोस. सहाऐवजी सात टक्के धरले तर नऊ वर्षांच्या हिशेबात किंमत सत्तावन्न लाखांच्या जरा खाली येते. एका टक्क्याने अकरा लाख जातात. शिवाय न वाढणारे भाडे घेणारा माणूस तेवढ्या काळापुरता जास्त परतावा मागेल, आणि तो मागणे रास्त आहे. पण ती नऊ वर्षे आठ टक्क्यांनी धरून पाहिली तरी दीड-पावणेदोन लाखांपलीकडे फरक पडत नाही. म्हणून त्यावर घासाघीस न करता मी दोनच गोष्टींसाठी हट्ट धरणार आहे: टक्का झालेल्या व्यवहारांतून काढावा, आणि मुदत कलम वाचून ठरवावी. कंपनीची तीन लाखांची बिनव्याजी अनामत नवा मालक परत करणार असेल, तर ती किमतीतून वळती होईल, हेही काकूंना सांगून ठेवले आहे.

तुझे नाशिकचे घर लागले का? चिऊच्या प्रवेशाचे ऐकून फार आनंद झाला, तिला आशीर्वाद सांग. वहिनींना नमस्कार.

आता काम. अण्णांच्या कपाटात पक्षकारांच्या फाइली अजून तशाच आहेत ना? काकांच्या नावाची फाइल काढ आणि करारापूर्वी कंपनीशी झालेला पत्रव्यवहार पाहा. नूतनीकरणाचे भाडे त्या वेळच्या बाजाराप्रमाणे, असे एखादे वाक्य कंपनीच्या सहीने मिळाले तर ते कोर्टात कितपत टिकेल हे वकील सांगतील. पण ते दाखवून कंपनीकडून आताच खुलाशाचा पुरवणी लेख करून घेता येईल, आणि तो नोंदवल्यावरच गाळा बाजारात काढता येईल. काहीच मिळाले नाही तरी तसे कळव, म्हणजे मी साडेसाठ धरून बोलायला बसेन. काकूंकडून तोपर्यंत विसार न घेण्याचे वचन घेतले आहे, पण एजंट रोज संध्याकाळी येऊन बसतो, तेव्हा फाइल सापडताच फोन कर.

तुझा,
विलास