बेवारस ठरवण्याआधी तिचं माहेर विचारा

मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

मी निवृत्त तलाठी आहे. माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण ती आजही गावोगाव होत असणार.

माझ्या सजात एक विधवा वारली. मूलबाळ नाही, मृत्युपत्र नाही. नवऱ्यामागं ऐंशी आर रान तिच्या नावावर चढलं होतं. सासरचं कुणीच उरलं नव्हतं. पंचांनी जबाब दिला, "वारस नाही." मी तो तसाच लिहून घेतला. पुढं घर आवरताना पत्र्याच्या पेटीत एक लग्नपत्रिका निघाली. तिच्या मयत भावाच्या मुलीची, दुसऱ्या जिल्ह्यातली. आम्ही चौकशी सासरच्या गावातच केली होती. माहेर कुणी विचारलंच नव्हतं.

कायदा मात्र माहेरापर्यंत जातो. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15 प्रमाणे स्त्रीची मालमत्ता आधी मुलं आणि नवरा, मग नवऱ्याचे वारस, त्यानंतर आईवडील, वडिलांचे वारस आणि शेवटी आईचे वारस अशा क्रमानं जाते. माहेराहून वारशानं आलेली असेल, तर मुलाबाळांच्या अभावी ती थेट वडिलांच्या वारसांकडं जाते. यातलं कुणीच नसेल तेव्हाच कलम 29 लागतं आणि मालमत्ता सरकारकडं येते, तीही तिच्यावरच्या कर्जासकट. वारस नाहीत हे सिद्ध करण्याचा भार तसं म्हणणाऱ्यावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2017 साली हरिद्वारच्या एका आश्रमाच्या प्रकरणात बजावलं आहे. चार पंचांच्या सह्यांनी तो भार कसा उतरेल?

दुसरी अडचण मुदतीची. जमीन महसूल संहितेच्या कलम 34 नुसार अशा जमिनीचा ताबा जिल्हाधिकारी घेतात आणि ती एकेका वर्षाच्या खंडानं देऊ शकतात. ताबा घेतल्यापासून तीन वर्षांत कुणी दावा केला नाही, तर तिचा लिलाव करता येतो. ही तीन वर्षं मृत्यूपासून नव्हे, ताब्यापासून मोजायची. ताबाच घेतला नाही तर मुदत सुरूच होत नाही. सातबारावर मयताचं नाव तसंच राहतं आणि शेजारी दरवर्षी बांध थोडा थोडा सरकवतो. उलट ताबा गुपचूप घेतला, तर लांबच्या वारसाला मुदत संपल्यावरच कळतं.

म्हणून ताब्याचा पंचनामा झाला की गट नंबर, मयताचं नाव आणि ताब्याची तारीख महसूल विभागाच्या संकेतस्थळावर टाका. बाई मयत असेल तर तीच नोटीस तिच्या माहेरच्या चावडीवरही लावा. आणि वारस चौकशीच्या जबाबात एक ओळ सक्तीची करा: मयत स्त्रीचं माहेरचं आडनाव, गाव, तालुका, जिल्हा.

आपला,
एक निवृत्त तलाठी