घशातली सूज : वर की खाली?

महोदय,

लहान मुलांच्या खोकल्यावरचा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. त्यात क्रूप आणि एपिग्लोटायटिस यांना एकाच ओळीत ‘घशाची सूज’ म्हटले आहे. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला हे धोक्याचे वाटते, म्हणून लिहितो आहे.

दीड वर्षाचे मूल घ्या. दोन दिवस सर्दी, थोडा ताप, आणि मध्यरात्री अचानक कुत्रा भुंकावा तसा खोकला. आवाज बसलेला, रडताना श्वास आत घेतला की कर्कश शिट्टी. हा क्रूप. तो बहुधा पॅराइन्फ्लुएन्झा विषाणूमुळे होतो. सूज स्वरतंतूंवर आणि त्यांच्या लगेच खाली असते. तिथे श्वासमार्गाभोवती कूर्चेचे पूर्ण कडे असल्याने सूज बाहेर पसरू शकत नाही, आतच वाढते. ४ मिलिमीटरच्या मार्गात चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, तर हवेला पाव जागा उरते. त्या फटीतून हवा वेगाने ओढली जाते, म्हणून आवाज उंच पट्टीचा. स्वरतंतूच सुजलेले, म्हणून खोकला घोगरा.

आता चार वर्षांचे मूल पाहा. सकाळी खेळत होते, संध्याकाळी ताप १०३. खोकला जवळजवळ नाही. पुढे वाकून, हात टेकून, हनुवटी वर करून बसले आहे. तोंडातून लाळ गळते आहे, कारण गिळवत नाही. हा एपिग्लोटायटिस. सूज स्वरतंतूंच्या वर, जिभेच्या मुळाशी असलेल्या झडपेला येते. स्वरतंतू बहुतेक मोकळे असल्याने आवाज बसत नाही; तो तोंडात घास असताना बोलल्यासारखा दबका येतो. श्वासाबरोबर सुजलेला मऊ भाग थरथरतो, म्हणून आवाज खालच्या पट्टीचा, घरघरणारा. शिवाय मूल जपून, हळू श्वास घेते. घरच्यांना ते शांत वाटते, पण दोघांत जास्त संकटात तेच असते.

अशा मुलाला आडवे करू नका आणि घसा पाहायला चमच्याने जीभ दाबू नका. ते रडले की श्वासमार्ग पूर्ण बंद होऊ शकतो. आईच्या मांडीवर बसवूनच, श्वासनलिकेत नळी घालण्याची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. क्रूपमध्ये बहुधा डेक्सामेथासोनचा एक डोस पुरतो. मात्र निजलेल्या मुलाच्या श्वासातही शिट्टी ऐकू येत असेल किंवा छातीखाली खळगा पडत असेल, तर त्यालाही लगेच न्यावे.

एपिग्लोटायटिसचा मुख्य जंतू हिब, म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएन्झी टाइप बी हा जीवाणू. त्याची लस ६, १० आणि १४ आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट डोसांत असते आणि तिच्यामुळे हा आजार दुर्मीळ झाला आहे. पण तो इतर जंतूंमुळेही होतो. त्यामुळे लस झालेली असली, तरी लाळ गाळत पुढे वाकून बसलेल्या मुलाला घेऊन सकाळची वाट पाहू नये.

– एक बालरोगतज्ज्ञ, सातारा