फांदी कापायची ठरवलीय, झाड नाही

ती. आई-बाबांना,
सा. न.

माळ्यावर येणाऱ्या उंदरांचा रस्ता तोडायला शनिवारी सकाळी झाडं छाटणारा माणूस येईल. त्याच्याशी बोलणं झालंय. बाबा, आधी विचारलं नाही म्हणून रागावू नका. आंबा तोडायचा नाहीये. गच्चीच्या कठड्याला टेकलेली ती एक फांदी आणि तिच्या वरची बारकी, एवढंच जाणार आहे. सावली आहे तशीच राहील, तुमची खुर्चीसुद्धा हलवावी लागणार नाही.

तुम्ही पाठवलेला कठड्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. फांदी टेकते तिथपासून केबलच्या भोकापर्यंत रंगावर काळपट, तेलकट पट्टा उमटलाय. उंदीर रोज एकाच वाटेने गेला की त्याच्या अंगाचा मळ असा घासला जातो. शेजारच्या लेंड्या दोन्ही टोकांना निमुळत्या आहेत, म्हणजे हे झाडावर चढणारे उंदीर आहेत. खाली पिंजरा लावून ते सापडत नव्हते ते त्यामुळेच. त्यांचा रस्ता वरून आहे.

हा उंदीर आडवी उडी साधारण 4 फुटांपर्यंत मारतो. तरी कठडा आणि फांदी यांत मी 8 फूट अंतर ठेवायला सांगितलंय. पावसात पानं भिजली किंवा फळं धरली की फांदी खाली वाकते, वाऱ्यात पुढे झुलते, आणि कोरड्या दिवशी मोजलेलं अंतर तेव्हा उरत नाही. बाबा, शेंडे छाटून भागणार नाही. अर्धवट कापलेल्या जागी कोंबांचा झुबका फुटतो आणि वर्षभरात पुन्हा कठड्याला लागतो. फांदी जिथून फुटली तिथूनच घ्यायला सांगा. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप, मग थोडं पुढे वरून, म्हणजे वजनाने साल खोडापर्यंत सोलत जाणार नाही. उरलेला खुंट मुळाशी जो फुगीर कंगोरा असतो त्याच्या बाहेरून काढायचा. कंगोरा कापला तर जखम भरत नाही.

आई, तुझी मधुमालती. तिला मुळापासून हात लावणार नाही, शप्पथ. पण गॅलरीच्या गजांवरून तिला उतरवायला हवी. दाट वेलीत उंदीर दिसतही नाही, आणि त्याच्या मागावर धामण येते. ती उंदरासारखी उडी मारत नाही, पण वेलीवरून सहज चढते आणि छोटी फट अंग ताणून ओलांडते. धामण बिनविषारी असते हे मला माहीत आहे, तरी तू रात्री गॅलरीचं दार उघडं ठेवून झोपतेस हेही माहीत आहे. गजांभोवतीचे वेढे ओढू नका, कात्रीने हातभर तुकडे करून सोडवा. भिंतीपासून 8 फुटांवर वेगळा मांडव घालू, तिथे ती चढेल. तिला फुलं नव्या फुटव्यावर येतात, त्यामुळे छाटल्याने बहर जायचा नाही.

आता तारा. खांबावरून येणाऱ्या विजेच्या तारेजवळ कुणीही जायचं नाही, छाटणाऱ्यानेही नाही. त्या बाजूच्या फांद्या वीज खात्याच्या लोकांनीच काढायच्या, तक्रार मी नोंदवते. जुनी बंद पडलेली केबल मात्र केबलवाल्याकडून पूर्ण काढून घ्या. नुसती कापून लोंबत ठेवली तर तिचाच दोर होतो.

भोक लगेच बुजवू नका, बाबा, हे मी मुद्दाम सांगतेय. उंदीर आत अडकून मेला तर माळ्यावर आठवडेच्या आठवडे वास राहील. फांदी आणि केबल गेली की भोकात कागदाचा सैल बोळा ठेवा आणि माळ्यावर पिंजरा लावा. सलग तीन-चार दिवस बोळा हलला नाही आणि पिंजराही रिकामा राहिला, तरच आत स्टीलची घासणी कोंबून वरून सिमेंट. नुसता फोम किंवा कापड तो कुरतडतो. आणि करंगळीच्या जाडीची फटही त्याला पुरते, म्हणून पाइपाच्या कडेने नीट पाहा.

माकडांचं मात्र यातून सुटणार नाही. 8 फूट त्यांना काहीच नाही. तिथे गॅलरीला जाळीच लागेल आणि खायचं काही बाहेर ठेवायचं नाही. जाळीचं माप पुढच्या खेपेला मी घेते.

कापलेल्या फांद्यांचा ढीग भिंतीलगत नको, त्याच दिवशी उचलायला लावा. ढिगात हात घालू नका. आई, चप्पल घालूनच अंगणात जा. आणि बाबा, गुडघा तसा असताना शिडी धरायलासुद्धा उभं राहायचं नाही. खुर्ची ओट्यावर घेऊन बसा आणि तिथूनच सांगा कुठून कापायचं ते. झाड तुमचं आहे, तो तुमचंच ऐकेल. संध्याकाळी कठड्याचा नवा फोटो पाठवा.

तुमची,
मनू