गाठ किती मोठी, यापेक्षा ती कुठे आहे ते सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या महिला पुरवणीतला फायब्रॉइडवरचा, म्हणजे गर्भाशयाच्या पिशवीत होणाऱ्या गाठींवरचा लेख वाचला आणि रात्री नीट झोप लागली नाही. ‘पाच सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ असल्यास काळजीचे कारण नाही’ हे वाक्य तुम्ही चौकटीत, ठळक अक्षरांत छापले आहे. अगदी याच वाक्याने माझी दोन वर्षे खाल्ली.

माझी गाठ २.२ सेंटिमीटरची होती. पाळी नऊ-नऊ दिवस चालायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तासातासाला पॅड बदलावे लागे आणि अंगावरून रक्ताच्या गुठळ्या जात. जिन्याच्या दहा पायऱ्या चढले की कानात ठोके ऐकू यायचे. पहिल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट पाहिला, ‘लहान आहे, सोडून द्या’ म्हणाले आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. शिवाय पाळीच्या दिवसांत घ्यायला ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड दिले. त्याने रक्तस्राव थोडा आवरला, पण गाठीवर या औषधाचा काहीच परिणाम होत नाही. दोन वर्षांनी हिमोग्लोबिन ६.८ वर आले.

दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेऊन पहिलाच प्रश्न विचारला, ‘गाठ पिशवीत नेमकी कुठे आहे?’ रिपोर्टमध्ये ते लिहिलेलेच नव्हते, फक्त आकडा होता. त्यांनी पिशवीत थोडे सलाइन सोडून पुन्हा सोनोग्राफी केली. पाण्याच्या काळ्या पोकळीत ती गाठ पडद्यावर मलाही स्पष्ट दिसली. अर्ध्याहून जास्त आत आलेली होती आणि तिच्यावर अस्तर ताणले गेले होते. अस्तराखालून आत वाढणारी गाठ दोन सेंटिमीटरची असली तरी बाईला रक्तस्रावाने बेजार करते आणि गर्भ रुजण्यातही अडथळा आणते. पिशवीच्या बाहेरच्या अंगाला वाढणारी गाठ मात्र आठ-नऊ सेंटिमीटरची झाली तरी पाळी नेहमीसारखी राहू शकते. त्रास असलाच तर तो दाबाचा. सारखे लघवीला जावे लागते, नाहीतर पोट जड वाटते. भिंतीच्या आत वाढणारी गाठ या दोहोंपैकी कोणताही त्रास देऊ शकते. एवढे तीन-चार ओळींत सांगण्यासारखे होते, लेखात ते एकदाही आले नाही.

उपचारही जागेवरूनच ठरला. मला मूल हवे होते, म्हणून एम्बोलायझेशन नको असे डॉक्टरांनी सांगितले. त्यात गाठीला जाणारा रक्तपुरवठा बंद करतात. त्यानंतर गर्भधारणा कितपत सुरक्षित राहते याची पुरेशी खात्री देता येत नाही. शिवाय पोकळीतली गाठ अशी मेली की ती सुटून बाहेर पडू शकते आणि ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, जंतुसंसर्ग मागे लागू शकतो. आधी तीन महिने दर महिन्याला एक इंजेक्शन देऊन पाळी थांबवली आणि शिरेतून लोह दिले. हिमोग्लोबिन ११ झाल्यावरच शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. ही इंजेक्शने कायमची घेता येत नाहीत, कारण हाडे ठिसूळ होतात आणि ती थांबवली की गाठ पुन्हा फुगते. मग योनिमार्गातून दुर्बीण आत घालून गाठ खरवडून काढली. पोटावर एकही टाका पडला नाही आणि संध्याकाळी मी घरी होते. पुढची पाळी पाच दिवसांत आटोपली, तेव्हा मी बाथरूममध्ये बसून रडले.

माझ्या जावेची गोष्ट अगदी वेगळी. वय ४६, मुले मोठी, भिंतीत चार-पाच गाठी, रक्तस्राव भरपूर आणि पिशवी काढायची तयारी नाही. तिला एम्बोलायझेशन लागू पडले. जांघेतल्या रोहिणीतून बारीक नळी नेऊन गर्भाशयाच्या दोन्ही रोहिण्यांत कण सोडले. पहिल्या रात्री तिला इतक्या कळा आल्या की वेदनाशामक सलाइनमधून द्यावे लागले, आणि हे आधी कुणी सांगितले नव्हते. सहा महिन्यांत गाठी जवळपास निम्म्या झाल्या, पाळीही आटोक्यात आली. गाठी पूर्ण नाहीशा होणार नाहीत, हे तिला पक्के माहीत आहे. माझ्याही बाबतीत नवी गाठ होणारच नाही, असे कुणी म्हटलेले नाही.

आणखी एक. असे लेख तुम्ही महिला पुरवणीतच का छापता? माझे यजमान ती पुरवणी न उघडताच बाजूला ठेवतात. माझा चेहरा पांढराफटक पडलेला असताना ‘पाळीत सगळ्याच बायकांना असं होतं’ असे तेच मला म्हणत होते. हा लेख मुख्य अंकात हवा होता.

त्या चौकटीतल्या वाक्याची दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी आणि त्यात एक ओळ घालावी: सोनोग्राफी करून आल्यावर गाठ आतल्या अस्तराखाली आहे, भिंतीत आहे की बाहेर, हे रिपोर्टवर लिहून घ्या. माझ्या पहिल्या रिपोर्टवर ती एक ओळ असती, तर माझी दोन वर्षे वाचली असती.

आपली,
एक नियमित वाचक