लिंगवर्गीकृत वीर्याचा हिशेब कांडीवर नको, कालवडीवर करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हमखास कालवड देणाऱ्या लिंगवर्गीकृत वीर्याची चर्चा सध्या आमच्या दूध संस्थेच्या कट्ट्यावर रोज होते. पण ती बहुधा कांडीच्या किमतीपाशीच थांबते, म्हणून माझ्या गोठ्यातील वहीचा हिशेब मांडतो.

दीड वर्षापूर्वी मी सहा संकरित होल्स्टीन कालवडींना पहिल्या माजाला हे वीर्य भरले. तिघी गाभण राहिल्या. उलटलेल्या तिघींना पुढच्या माजाला पुन्हा तेच भरले, त्यांतील एक राहिली. उरलेल्या दोघींना मात्र साधे वीर्य दिले. म्हणजे प्रत्येकी ७०० रुपयांच्या नऊ कांड्या गेल्या आणि वासरे झाली चार, तीन कालवडी व एक खोंड. (खात्री नव्वद टक्क्यांच्या आसपासची असते, शंभराची नव्हे.) एक कालवड २,१०० रुपयांना पडली. शंभर रुपयांच्या साध्या कांडीने दहात चार गाभण राहतात आणि वासरांत निम्म्या कालवडी होतात असे धरले, तर तीच ५०० रुपयांत पडते. मात्र प्रत्येक कालवडीमागे एक खोंडही पोसावा लागतो आणि २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर तो विकायचा कुठे, हे कोणी सांगत नाही.

खरा खर्च पुढेच आहे. या कांडीत सुमारे २० लाख शुक्राणू असतात, साध्या कांडीत साधारण २ कोटी; शिवाय वर्गीकरणाच्या यंत्रातून जाताना ते अशक्त होतात, त्यामुळे गर्भधारणा साध्याच्या पाऊणपट ते ऐंशी टक्के एवढीच मिळते. जनावर एकदा उलटले की एकवीस दिवसांचा चारा-खुराक अंगावर येतो. माझ्याकडील दोन जुन्या, वारंवार उलटणाऱ्या गायींना मोहापायी याच्या पाच कांड्या भरल्या. एकही राहिली नाही आणि साडेतीन महिने फुकट गेले. म्हणून हे वीर्य चांगल्या वजनाच्या, नियमित माजावर येणाऱ्या कालवडींनाच, तेही दोनदाच भरावे.

वेळही सांभाळावी लागते. शुक्राणू कमी काळ टिकत असल्याने नेहमीप्रमाणे बारा तासांनी रेतन न करता माज सुरू झाल्यापासून अठरा तासांच्या आसपास केलेले बरे. एका रेतन करणाऱ्या इसमाने माझ्यासमोर कांडी नायट्रोजनच्या डब्यातून काढून बोट बुडवून अंदाज घेतलेल्या पाण्यात टाकली आणि बूट काढेपर्यंत ती तशीच ठेवली. ३५ ते ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा-पाऊण मिनिट, लगेच कोरडी पुसून बंदुकीत, इतके साधे काम आहे. पण सातशेच्या कांडीबरोबर पन्नास-शंभर रुपयांचा थर्मामीटर मात्र येत नाही.

तालुक्यातील दूध संस्थांनी असा थर्मामीटर प्रत्येक रेतन करणाऱ्याकडे द्यावा आणि रेतन कार्डावर वीर्याचा प्रकार, माज सुरू झाल्याची वेळ व गाभण तपासणीचा निकाल नोंदवावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक दूध उत्पादक, ता. करवीर, जि. कोल्हापूर